एकच मसाला, गडहिंग्लजला एक भाव आणि पुण्याला दुसरा: ठेवावा का, आणि ठेवायचा तर कसा

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे. कोल्हापूरच्या बाहेर पत्र्याची शेड, कांडपाची दोन यंत्रं, हाताखाली सहा बायका. माल तीन वाटांनी जातो: शहरात त्यांच्या स्वतःच्या काउंटरवर, गडहिंग्लजच्या किराणा दुकानांत, आणि वर्षभरापासून पुण्यात एका डिस्ट्रिब्युटरमार्फत. हिशेब माझ्याकडे असतो. एके दिवशी पाकिटांची नवी छपाई करायला निघाल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "पुण्याच्या पाकिटावर तीनशे तीस छापू आणि गडहिंग्लजच्या पाकिटावर दोनशे सत्तर. तिकडं पगार मोठे हायत, कोण विचारतंय?"

हा प्रश्न मला गूळवाल्यांनी विचारलाय, चपलांचं काम करणाऱ्यांनी विचारलाय, लोणची-पापड करणाऱ्यांनीही. मोठ्या शहरात भाव जास्त आणि लहान गावात कमी, हे सगळ्यांना इतकं उघड वाटतं की हिशेब कुणी करतच नाही. आम्ही तो केला. निघालेलं उत्तर वहिनींना अपेक्षित होतं त्याच्या जवळपास उलटं होतं. तोच हिशेब पायरी-पायरीने खाली देतोय. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. तुमचे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

पहिली पायरी: छापील किंमत आणि विक्रीचा भाव या दोन गोष्टी वेगळ्या करा

बंद पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापावी लागते. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत ती आहे आणि आपल्याकडे वैध मापन शास्त्र विभाग ते नियम राबवतो. त्या किमतीच्या वर विकता येत नाही. खाली कितीही विकता येतं. म्हणजे गडहिंग्लजला २५० आणि पुण्याला ३०० ला विकायला काहीच अडचण नाही, फक्त दोन्ही पाकिटांवर छापील आकडा एकच हवा.

दोन छापील आकडे का नकोत? १ जानेवारी २०१८ पासून त्या नियमांत भर पडली आहे: अगदी सारख्याच पॅकबंद मालावर अनुचित किंवा निर्बंधक व्यापारी प्रथा वापरून वेगवेगळ्या एमआरपी जाहीर करता येत नाहीत. शब्द नीट वाचले तर वेगळा आकडा छापला की लगेच गुन्हा, असं त्यात म्हटलेलं नाही. पण तक्रार झाली तर ‘आमची प्रथा अनुचित नाही’ हे पटवत बसायची वेळ तुमच्यावर येते, आणि सहा बायकांच्या शेडला वकिलाची फी परवडत नाही. वहिनींना मी एवढंच म्हटलं, की पुण्याची पुतणी नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणार, काउंटरवर तेच पाकीट हातात घेणार आणि दोन्ही छापील आकड्यांचे फोटो शेजारी-शेजारी घरच्या ग्रुपवर टाकणार. मग कायद्याचं नंतर बघू, आधी नात्यात उत्तर द्या.

एक मोह आणखी होतो: एकच पाकीट छापायचं आणि पुण्याच्या मालावर वाढीव किमतीचं स्टिकर लावायचं. तेही चालत नाही. स्टिकर फक्त किंमत कमी करायला लावता येतं, आणि तेव्हाही मूळ छापील आकडा झाकायचा नसतो.

सुटा माल विकत असाल, म्हणजे गिऱ्हाइकासमोर तोलून देत असाल, तर एमआरपीचा प्रश्नच येत नाही. पुढचा हिशेब मात्र तुम्हालाही लागू पडतो.

तर अर्धा किलोच्या पाकिटावर सगळीकडे ३०० रुपये छापायचे ठरले. आता खरा प्रश्न सुरू होतो.

दुसरी पायरी: गिऱ्हाइकाने दिलेला भाव सोडा, तुमच्या हातात काय पडतं ते काढा

इथे घाई करू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. पुण्यात पाकीट ३०० ला जातं आणि गडहिंग्लजला २५० ला, म्हणून पुण्यात पन्नास रुपये जास्त मिळतात असं वाटतं. ते पन्नास रुपये वाटेत कोण कोण घेतो ते बघा.

पाकीट तयार करायला वहिनींना १५० रुपये लागतात. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, मजुरी, वीज, छापील पाकीट, सगळं धरून. स्वतःच्या मेहनतीची मजुरीही त्यात धरली आहे. ती धरताना त्या लाजत होत्या. तुम्ही लाजू नका, नाहीतर सगळाच हिशेब खोटा पडतो.

पुण्याकडून सुरुवात करू. दुकानदार आपल्या खरेदीवर वीस टक्के चढवतो, म्हणजे ३०० च्या पाकिटाला तो २५० देतो. डिस्ट्रिब्युटरचे आठ टक्के, म्हणजे तो वहिनींना देतो सुमारे २३१. त्यात पाच टक्के जीएसटी आहे, तो सरकारचा. उरले २२०. डिस्ट्रिब्युटरने ‘बारावर एक’ अशी स्कीम मागून घेतली आहे: बारा पाकिटं घेतली की तेरावं फुकट. तेरावं पाकीट करायलाही १५० लागतातच, म्हणून बारा पाकिटांचे पैसे तेरावर वाटायचे. पाकिटामागे २२० चे झाले २०३. स्कीम ऐकायला एका पाकिटाची गोष्ट वाटते, पण प्रत्येक पाकिटातून ती सतरा रुपये घेऊन जाते.

पुढे ट्रान्सपोर्ट आणि हमाली चार रुपये. फुटलेली, ओल लागलेली, मुदत संपत आल्याने परत आलेली पाकिटं सरासरीने सहा रुपये खातात. तीस दिवसांची उधारी आहे. वहिनींचं बँकेचं कॅश क्रेडिट साधारण बारा टक्क्यांनी पडतं, म्हणून महिनाभर अडकलेल्या रकमेचं व्याज दोन रुपये. शेवटी, पुण्यात दुकानं फिरून ऑर्डर घ्यायला ठेवलेला मुलगा. त्याचा पगार अठरा हजार, महिन्याची विक्री दीड हजार पाकिटं, म्हणजे पाकिटामागे बारा.

आता गडहिंग्लज. तिथे डिस्ट्रिब्युटर नाही. वहिनींचे यजमान महिन्यातून दोनदा छोटा टेम्पो घेऊन जातात. दुकानदाराला भाव २२६, जीएसटी वजा केला की २१५. एका फेरीचा डिझेल, चहा-नाश्ता आणि दिवसाची मजुरी धरून खर्च दीड हजार, फेरीला दीडशे पाकिटं उतरतात, म्हणजे पाकिटामागे दहा. परत येणारा माल कमी, कारण यजमान स्वतः फळी बघून माल उतरवतात: दोन रुपये. उधारी मात्र लांब, पंचेचाळीस दिवस: व्याज तीन रुपये. दुकानदार पाकीट २५० ला विकतो.

| पाकिटामागे (रुपये) | गडहिंग्लज | पुणे |
|---|---|---|
| गिऱ्हाईक देतं | २५० | ३०० |
| जीएसटी वगळून वहिनींचं बिल | २१५ | २२० |
| स्कीम | ० | १७ |
| वाहतूक, हमाली | फेरीत धरली | ४ |
| परत माल, नुकसान | २ | ६ |
| उधारीचं व्याज | ३ | २ |
| फेरी किंवा फिरता माणूस | १० | १२ |
| माल तयार करण्याचा खर्च | १५० | १५० |
| हातात | ५० | २९ |

गडहिंग्लजचं पाकीट पन्नास रुपयांनी स्वस्त विकलं जातं आणि एकवीस रुपये जास्त देऊन जातं. हा तक्ता बघून वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी पुण्यात मोठं नाव करतीया आणि घर गडहिंग्लजवर चाललंय." अगदी तसंच नाही, कारण पुण्यात दीड हजार पाकिटं जातात आणि गडहिंग्लजला तीनशे. एकूण पैसा पुण्यातूनच जास्त येतो. पण शहरात भाव जास्त म्हणजे कमाई जास्त, ही समजूत इथे गळून पडते.

तुमचा तक्ता करताना दोन रकाने हमखास विसरले जातात, परत माल आणि उधारीचं व्याज. परत आलेली पाकिटं शेडच्या कोपऱ्यात पडलेली असतात, त्यांची नोंद कुठेच नसते. महिनाभर ती नुसती मोजून वहीत लिहा, मगच तक्ता करा.

तिसरी पायरी: गिऱ्हाईक तुमच्या पाकिटाची तुलना कशाशी करतं ते शोधा

भाव किती ताणता येईल हे गिऱ्हाइकाच्या पगारावर कमी आणि त्याच्याकडे दुसरा पर्याय काय आहे यावर जास्त ठरतं.

गडहिंग्लजच्या बाईला पर्याय आहे तो तिच्या गल्लीच्या टोकाचा कांडपवाला. उन्हाळ्यात ती मिरची आणते, वाळवते, कांदा-लसूण भाजते आणि कुटून आणते. संकेश्वर शेजारीच, तिथल्या मिरचीचा भाव तिला दुकानदारापेक्षा जास्त ठाऊक. आम्ही वहिनींच्या नात्यातल्या तिघींना बसवून घरच्या मसाल्याचा हिशेब मांडला, तो अर्ध्या किलोला सुमारे २२० पडला. म्हणजे २५० चं पाकीट घेणारी बाई तीस रुपये देते ते उन्हातल्या वाळवणाचे, डोळ्यांत जाणाऱ्या खकाण्याचे आणि कांडपाच्या रांगेचे. तीस रुपये ती देते. पंचेचाळीस मागितले तर म्हणेल, एवढ्यात मी माझ्या हातचा करीन. आणि खरंच करेल.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये कांडप नाही, वाळवणाला गच्ची नाही. तिथे पर्याय दोनच. एक, दुकानाच्या त्याच फळीवरची दुसरी चार पाकिटं. दुसरा, गावाहून येणारा आईच्या हातचा डबा. कोल्हापूर सोडून पुण्यात राहायला गेलेल्यांना हा डबा मिळत राहतो, आणि त्यांना इथला भावही ठाऊक असतो. भावावरून तेच सगळ्यात जास्त कुरकुरतात. ज्यांचं कोल्हापूरशी काही नातं नाही ते फळीवरची पाकिटं बघून ठरवतात, आणि तिथे ३०० हा आकडा शेजारच्या पाकिटांमध्ये वर बसतो की खाली, एवढंच महत्त्वाचं.

तेव्हा दोन्ही ठिकाणी स्वतः जाऊन बघा. पुण्यात दहा दुकानांत शेजारच्या पाकिटांचे भाव प्रति शंभर ग्रॅममध्ये लिहून घ्या, कारण वजनं वेगवेगळी असतात. आता पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भावही छापावा लागतो, त्यामुळे काम सोपं झालंय. वहिनींचा भाव ग्रॅमला ६० पैसे. फळीवर त्यांच्या वर फक्त एक पाकीट होतं, बाकी सगळी खाली. म्हणजे अर्धा किलोच्या पाकिटाला पुण्यात चढायला जागा फार नव्हती.

चौथी पायरी: माल उलटा फिरेल का ते तपासा

दोन गावांत वेगळा भाव ठेवला की मधला फरक कुणाच्या तरी डोळ्यात येतोच. इथे गिऱ्हाईक देतं तो भाव तपासू नका. सारख्या पायरीवरच्या माणसाचा भाव तपासा, म्हणजे दुकानदाराशी दुकानदार.

गडहिंग्लजच्या दुकानदाराला पाकीट २२६ ला, पुण्याच्या दुकानदाराला २५० ला. फरक २४. गडहिंग्लजहून पुण्यापर्यंत पाकीट नेण्याचा खर्च, कोल्हापुरातली चढ-उतार धरून, सहा रुपये. म्हणजे कुणी गडहिंग्लजला माल उचलून पुण्यात दुकानदाराला २४० ला दिला तर त्याला आठ रुपये सुटतात आणि पुण्याच्या दुकानदाराचे दहा वाचतात. मार खातो तो डिस्ट्रिब्युटर. तो वहिनींना फोन करणार आणि पुढच्या वेळी आणखी स्कीम मागणार.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. गडहिंग्लजच्या एका दुकानाची ऑर्डर तीस पाकिटांवरून एकदम दोनशे चाळीसवर गेली होती. यजमान खुशीत होते. पंधरा दिवसांनी पुण्याचा मुलगा सांगत आला, की धायरीकडच्या तीन दुकानांत आपला माल दिसतोय पण आपल्या बिलावर नाही. ओळखायचं ते याच दोन खुणांनी: गावाकडे कारण नसताना फुगलेली ऑर्डर, आणि शहरात बिल नसलेला माल. खात्री करायची असेल तर बॅच नंबर दोन्ही वाटांसाठी वेगळ्या मालिकेत टाका. पुण्याच्या फळीवर गडहिंग्लजच्या मालिकेचा नंबर सापडला की वाद संपला.

उपाय सोपा ठेवला. २२६ चा भाव फक्त दुकानात पोच केलेल्या मालाला, आणि फळीवर किती शिल्लक आहे ते बघून उतरवायचं. शेडवरून घाऊक उचल बंद. दुकानदाराला ‘पुण्यात विकू नको’ असं दरडावण्याची गरज पडली नाही. एक इशारा मात्र देतो: दुकानदाराने अमुक भावाखाली विकूच नये अशी सक्ती करायच्या फंदात पडू नका. डीलरांनी गिऱ्हाइकाला जास्त सूट देऊ नये म्हणून बंधन घातल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला होता. वहिनींच्या शेडवर आयोग येणार नाही हे मलाही कळतं, पण सवय वाईट, आणि दुकानदारही दुखावतो.

सोपा नियम असा धरा: सारख्या पायरीवरचा फरक हा वाहतूक आणि मधल्या माणसाचा किमान नफा यांच्या बेरजेपेक्षा कमी असू द्या. मसाल्यासारख्या हलक्या आणि महाग मालात ही बेरीज लहान असते, म्हणून फरकही लहान ठेवावा लागतो. गुळाची ढेप असती तर पैशांच्या मानाने वजन जास्त, फरक थोडा मोठा चालला असता.

पाचवी पायरी: तोच माल ठेवून भाव बदलण्याऐवजी मालाचं रूप बदला

इथवर आल्यावर दिसतं की अर्धा किलोच्या पाकिटाचा भाव पुण्यात फार वाढवता येत नाही आणि गडहिंग्लजला वाढवण्यात अर्थ नाही. मग पुण्याचे २९ रुपये वाढणार कसे? आम्हाला तीन जागा सापडल्या.

पहिली जागा स्कीमची. ‘बारावर एक’ ऐवजी ‘चोवीसावर एक’ केलं की पाकिटामागे २०३ चे २११ होतात. छापील भावाला हात न लावता आठ रुपये. डिस्ट्रिब्युटर नाराज झाला, महिनाभर ऑर्डर कमी दिली, मग रुळावर आला. त्याच्या जागी त्याला परत माल लवकर उचलून देण्याची हमी दिली. त्याला ती जास्त हवी होती, कारण त्याचं गोडाऊन लहान आहे.

दुसरी जागा लहान पाकिटाची, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. पुण्यात दोन-तीन माणसांचं घर. अर्धा किलो मसाला संपायला तीन-चार महिने लागतात, तोवर त्याचा रंग आणि वास उतरतो. त्यांना २०० ग्रॅमचं पाकीट खरोखर सोयीचं. त्यावर छापील किंमत १४०, म्हणजे ग्रॅमला ७० पैसे. दुकानदार आणि डिस्ट्रिब्युटर तेवढेच टक्के घेऊन, जीएसटी वजा जाता वहिनींकडे येतात १०३. सुरुवातीला स्कीम दिली नाही. वाहतूक, परत माल, व्याज आणि फिरत्या मुलाच्या पगाराचा वाटा मिळून बारा. उरले ९१. तयार करायला ६४, कारण मसाला कमी असला तरी पाकीट आणि भरण्याची मजुरी फारशी कमी होत नाही. हातात २७.

अर्धा किलोच्या पाकिटाला २९ मिळत होते, दोनशे ग्रॅमच्या पाकिटाला २७. किलोवर धरलं तर ५८ आणि १३५. यातला काही फायदा स्कीम न देण्याचा आहे हे लपवत नाही. बारावर एक दिलं तर तो आकडा ९५ च्या आसपास येतो, तरी पुष्कळ वर. हे पाकीट वेगळ्या वजनाचं असल्याने वेगळी छापील किंमत बिनधोक, आणि ते गडहिंग्लजलाही त्याच किमतीला मिळतं. तिथे ते फारसं कुणी घेत नाही, कारण सहा माणसांच्या घराला ते आठवड्याभराचं. शहर आणि गाव असा भेद आपण करत नाही, घरातली माणसं तो करतात.

तिसरी जागा थेट घरपोच. व्हॉट्सॲपवर ऑर्डर, कुरियरने माल. अर्धा किलोचं पाकीट २९० ला, जीएसटी काढून २७६. दोन पाकिटांच्या पार्सलला कुरियर ८० पडलं आणि खोका सोळा, म्हणजे पाकिटामागे ४८, आणि वाटेत फुटण्याचे तीन. हातात ७५. एकच पाकीट पाठवलं तर कुरियर साठ आणि खोका बारा, हातात ५१. म्हणून दोनच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. यातलं दुखणं हे की रोज संध्याकाळी दोन तास पार्सलं बांधण्यात जातात, ते तास या आकड्यात धरलेले नाहीत. दिवसाला पाच-सात पार्सलं असतील तोवर निभतं, पुढे माणूस ठेवावा लागेल आणि ७५ चा आकडा उतरेल.

सहावी पायरी: भाव वाढवायचाच असेल तर किती विक्री गेली तरी चालेल ते आधी काढा

वहिनींच्या मनातून ती वाढ जात नव्हती. "वीस रुपये तरी?" बरं, करून बघू. छापील ३२० केली आणि जुनी स्कीम तशीच ठेवली तर त्यांच्या हातात पाकिटामागे १४ जास्त येतात. आता इथे एक चूक होते. लोक म्हणतात, २९ चे ४३ झाले, म्हणजे तिसरा हिस्सा गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. पण विक्री घटली म्हणून फिरत्या मुलाचा पगार घटत नाही. तो बाजूला काढून हिशेब करा.

पगार सोडून पुण्याचं पाकीट ४१ देतं. दीड हजार पाकिटांचे ६१,५०० झाले, त्यातून अठरा हजार पगार. वाढीनंतर पाकीट देईल ५५. तेवढेच ६१,५०० आणायला सुमारे ११२० पाकिटं लागतात. म्हणजे ३८० पाकिटांपर्यंत घट सोसेल. तिसरा हिस्सा नाही, चौथा हिस्सा.

गडहिंग्लजला दहा रुपये वाढवले तर? फेरीचा खर्च सोडून पाकीट साठ देतं, वाढीनंतर जीएसटी काढून एकोणसत्तर. तीनशेची विक्री २६१ वर आली की वाढीचा फायदा शून्य. म्हणजे फक्त तेरा टक्के घट सोसते, आणि कांडपवाला तर शेजारी बसलाय. मी तिथे हात लावू नका म्हटलं.

पुण्यातली चाचणी मात्र घ्या, आणि ती छापील किंमत बदलून नको. छापील तीच ठेवून, जिथे दुकानदार सूट देतात तिथली सूट कमी करून बघा. आम्ही कोथरूड आणि धायरीची दहा दुकानं घेतली. त्यातली काही ३०० चं पाकीट २८५ ला देत होती. पाच दुकानदारांना विनंती करून पूर्ण ३०० ला विकायला सांगितलं, सक्ती नाही, आणि ठरल्याप्रमाणे विकलं तर फळीवर पुढची जागा दिल्याबद्दल थोडी रक्कम. बाकीची पाच जशी होती तशी. सहा आठवडे दर शनिवारी मुलाने फळीवरची पाकिटं मोजली. इथे लक्ष ठेवा: दुकानदाराने किती मागवली ते मोजू नका, किती विकली ते मोजा. मागवलेला माल फळीवर साचून राहतो आणि दोन महिन्यांनी परत येतो, तोवर तुम्ही खुशीत असता.

चाचणी जुलै-ऑगस्टमध्ये घेतली. मार्च ते मे कधीच घेऊ नका. तेव्हा गावोगावी कांडप चालू असतं, पुण्यातलेही गावाहून डबे भरून आणतात, आणि विक्री घटली ती भावामुळे की हंगामामुळे हे कळत नाही. पूर्ण भावाच्या पाच दुकानांत विक्री बाकीच्यांच्या मानाने दहातली एक कमी झाली. चौथ्या हिश्श्याच्या आत. पण त्या पंधरा रुपयांतला मोठा वाटा दुकानदाराच्या गल्ल्यात गेला, वहिनींच्या नाही, कारण त्यांचा बिलाचा भाव तोच होता. म्हणजे एवढं कळलं की पुण्याचं गिऱ्हाईक ३०० देतं. ३२० देईल का ते कळलं नाही, आणि त्यासाठी सगळ्या पाकिटांवरचा आकडा बदलावा लागला असता. ३२० छापून गडहिंग्लजला २५० ला विकलं की तिथली बाई छापील किमतीलाच हसते. वहिनींनी तो नाद सोडला.

कोल्हापूरच्या काउंटरचं काय

तिथे २६० ला विकतात. पुण्याहून आलेले विचारतात, "आमच्याकडे तीनशेला कसं?" वहिनींचं उत्तर ठरलेलं: "इथं मधी कुणी नाही, तिथं दोघं हायत आणि गाडीभाडं." लोकांना ते पटतं, कारण ते खरं आहे. ‘तुम्ही शहरातले म्हणून’ हे कारण कुणालाच पटत नाही, आणि मनात तेच असेल तर ते बोलण्यात उतरतंच. २६० हा आकडाही विचार करून ठेवला आहे: पुण्याच्या दुकानदाराला २५० ला माल दारात मिळतो, म्हणून कुणी काउंटरवरून पिशव्या भरून पुण्यात विकायला नेत नाही.

एक गोष्ट निपाणी-बेळगावकडे माल पाठवणाऱ्यांसाठी. अंतर गडहिंग्लजसारखंच वाटतं, पण राज्य बदलतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर परराज्यात माल विकता येत नाही, आणि त्या योजनेतल्या तुमच्या बिलावर घेणाऱ्याला कराची वजावटही मिळत नाही. त्यामुळे तिकडचा भाव ठरवण्याआधी आपण कोणत्या योजनेत आहोत ते बघा.

तक्ता दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी मिरची बाजारात आली की पुन्हा मांडतो. मिरची वाढली की १५० चा आकडा दोन्ही गावांत सारखाच वाढतो, पण परिणाम सारखा होत नाही. गडहिंग्लजच्या बाईचा घरचा मसालाही तेवढाच महाग होतो, म्हणून तिथे पाच-सात रुपये वाढवले तरी ती कुरकुरत नाही. पुण्यात फळीवरची मोठी पाकिटं जुन्या साठ्यावर दोन-तीन महिने जुन्याच भावाला राहतात, तिथे थांबावं लागतं. मिरची महाग झाली की भाव आधी लहान गावात वाढतो आणि शहरात नंतर. वहिनी आता उन्हाळ्यात गडहिंग्लजची विक्री निम्म्यावर आली तरी भाव पाडत नाहीत, कारण त्या दिवसांत बाई भावामुळे गेलेली नसते, वाळवणामुळे गेलेली असते. त्याऐवजी शेडमधलं एक यंत्र त्या तीन महिन्यांत लोकांच्या मसाल्याच्या कांडपाला लावतात.